स्लोपिच सॉफ्टबॉल: चेंडूची कमान किती उंच हवी आणि अंपायर 'इल्लीगल' का म्हणतो

गोव्यात शाळा-कॉलेजातून सॉफ्टबॉल खेळून आलेला खेळाडू बहुधा फास्टपिचवर तयार झालेला असतो. तो पहिल्यांदा स्लोपिचमध्ये पिचर म्हणून उभा राहिला की एक प्रसंग हमखास घडतो. चेंडू प्लेटच्या बरोबर मधोमध, मांडीच्या उंचीवरून जातो. कॅचर खूश, पिचर खूश, आणि अंपायरने मात्र डावा हात आडवा काढून 'इल्लीगल' म्हटलेले असते. "अहो, चेंडू प्लेटवरून गेला ना!" असे म्हणत वाद सुरू होतो. चेंडू प्लेटवरून गेला हे खरेच असते, पण अंपायरने निकाल दिलेला असतो तो त्याआधीच्या गोष्टीवर.

स्लोपिचमध्ये प्रत्येक चेंडूला दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली हवेत, पिचर आणि प्लेट यांच्या साधारण मध्यावर: चेंडूने ठरलेल्या उंचीची कमान घेतली का? दुसरी प्लेटवर: चेंडू प्लेटच्या १७ इंच रुंदीवरून, बॅटरचा पुढचा गुडघा आणि मागचा खांदा यांच्या दरम्यान, म्हणजे स्ट्राइक झोनमधून गेला का? दुसऱ्या परीक्षेवरून बॉल की स्ट्राइक ते ठरते. पहिलीत नापास झालेल्या चेंडूला बॅटरने बॅट फिरवली नाही, तर दुसरी परीक्षा होतच नाही. क्रिकेटमध्ये कमरेवरच्या फुलटॉसचा नोबॉल फलंदाजापाशी ठरतो. इथे मात्र चेंडू फलंदाजापर्यंत पोचण्याआधीच त्याचा न्याय झालेला असतो.

आकडे, आणि ते कुठून मोजायचे

जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाच्या स्लोपिच नियमांत कमानीचा सर्वोच्च बिंदू जमिनीपासून किमान ६ फूट आणि कमाल १२ फूट असावा लागतो. अमेरिकेतल्या यूएसए सॉफ्टबॉलच्या नियमांत खालची मर्यादा तीच आहे, वरची मात्र १० फूट. तिथल्याच यूएसएसएसए या दुसऱ्या संघटनेत ३ ते १० फूट चालते. म्हणजे इंटरनेटवर पाहिलेल्या सामन्यातला एखादा सपाट चेंडू तिथे वैध असेल आणि तुमच्या स्पर्धेत नसेल. त्यामुळे सामन्याआधी 'कमान किती ते किती' एवढे आयोजकांना विचारून घ्यावे. या लेखात ६ ते १२ धरले आहे आणि १० फुटांची मर्यादा असल्यास काय बदलते ते त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

हे मोजमाप जमिनीपासूनचे आहे, हातापासूनचे नव्हे. चेंडू हातातून ६ फूट वर चढला पाहिजे असा अनेकांचा समज असतो. हात साधारण ३ फुटांवर असताना चेंडू सुटत असेल, तर किमान मर्यादेला तो फक्त ३ फूट वर चढावा लागतो. पिचर बुटका असो की ताडमाड, मर्यादा सगळ्यांना एकच.

आता ६ आणि १२ फूट डोळ्यांत बसवायचे कसे? गोव्यात याचे उत्तर प्रत्येक वाड्यावरच्या मैदानात उभे आहे. फुटबॉलच्या पूर्ण मापाच्या गोलपोस्टचा आडवा दांडा जमिनीपासून ८ फुटांवर, म्हणजे २.४४ मीटरवर असतो. त्याच्या २ फूट खाली आपली खालची मर्यादा. दांड्याच्या वर आणखी अर्धा गोलपोस्ट मनात उभा केला की १२ फूट. जवळपास बास्केटबॉलचे कोर्ट असेल तर रिंग बरोबर १० फुटांवर असते, म्हणजे यूएसए सॉफ्टबॉलची वरची मर्यादा तिथे आयतीच टांगलेली मिळते.

खालून जाणारा चेंडू का चालत नाही

पिचिंग प्लेटपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर अंतर असते. चेंडू ३ फुटांवरून सुटला, पिचरच्या पुढे अर्ध्या मीटरवर सुटला आणि वारा नाही असे धरून साधा हिशेब करू. कमान ६ फुटांची असेल तर प्लेटवर गुडघ्यापाशी पोचायला चेंडूला जेमतेम एक सेकंद लागतो. १२ फुटांच्या कमानीला साधारण दीड सेकंद लागतो. कमान सपाट झाली की चेंडूला पुढे जाण्यासाठी वेळ कमी मिळतो, म्हणून तो वेगानेच फेकावा लागतो. ४ फुटांवरून गेलेला चेंडू प्लेटपर्यंत पोचला, तर तो जोरात फेकलेला असणारच.

इथेच या नियमाचे मर्म आहे. 'चेंडू हळू फेका' असे नुसते लिहिले असते तर हळू म्हणजे किती यावर रोज भांडण झाले असते, कारण मैदानावर वेग मोजायचे यंत्र नसते. उंची मात्र डोळ्यांना दिसते. ६ फुटांची अट घातली की वेगाला आपोआप लगाम बसतो. (नियमात वेगाबद्दलही वेगळे कलम आहे. अंपायरला वेग जास्त वाटला तर तो ताकीद देतो, पुन्हा तसेच झाले तर पिचरला पिचिंगवरून हटवू शकतो. पण रोजचे काम कमानच करते.)

वरून जाणारा चेंडू का चालत नाही

वरची मर्यादा नवख्यांना पटत नाही. इतका सावकाश, लोंबकळत येणारा चेंडू बॅटरला सोपाच की, मग त्याला बंदी का? अडचण वेगात नाही, पडण्याच्या कोनात आहे.

वरच्याच हिशेबाने ६ फुटांच्या कमानीचा चेंडू प्लेटपाशी जमिनीशी जेमतेम २० अंशांचा कोन करून येतो. बॅटही साधारण आडवीच फिरते, त्यामुळे चेंडूचा आणि बॅटचा मार्ग बराच वेळ एकमेकांजवळ राहतो. बॅट थोडी लवकर किंवा उशिरा आली तरी गाठ पडते. १२ फुटांना हा कोन ४० अंशांच्या आसपास जातो. १६ फुटांची कमान घेतली तर ५०. आता चेंडू वरून विहिरीत टाकल्यासारखा येतो आणि आडवी बॅट त्याला एकाच बिंदूवर भेटू शकते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंतची उंची तो साधारण सेकंदाच्या दहाव्या हिश्शात ओलांडतो. ६ फुटांच्या कमानीला त्याच प्रवासाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. म्हणजे हवेत सावकाश दिसणारा चेंडू नेमका मारायच्या जागी सावकाश नसतो.

अंपायरचीही पंचाईत होते. तीव्र उताराने येणारा चेंडू प्लेटच्या पुढच्या कडेवर खांद्याच्या वर असतो आणि मागच्या टोकापर्यंत अर्धा मीटर खाली आलेला असतो. तो झोनमधून गेला की मागून पडला, हे नक्की सांगणे अवघड होते. वरची मर्यादा काढून टाकली तर पिचर फक्त उंच उडवत बसतील, बॅटर सोडत बसतील आणि खेळ बॉल-स्ट्राइकच्या वादातच संपेल.

हाक कधी येते आणि तिचा परिणाम काय

चेंडू उंच गेल्याचे अंपायरला तो १२ फूट ओलांडतो त्याच क्षणी कळते. तिथून प्लेटवर यायला चेंडूला अजून जवळपास पाऊण सेकंद असतो, त्यामुळे 'इल्लीगल' ही हाक बॅटरला वेळेत ऐकू येते. खालच्या चेंडूचे तसे नाही. तो ६ फुटांना पोचला नाही हे कळायला तो खाली वळेपर्यंत थांबावे लागते, आणि तोवर प्लेट अर्ध्या सेकंदावर आलेली असते. म्हणून कमी कमानीची हाक नेहमी उशिरा आल्यासारखी वाटते आणि बॅटरची बॅट पुष्कळदा निघालेली असते. यात अंपायरचा आळस नाही, चेंडूचा स्वभावच तसा आहे.

हाक दिली म्हणून खेळ तिथेच थांबत नाही. अंपायर डावा हात आडवा धरून मूठ वळतो, म्हणजे निर्णय राखून ठेवतो, आणि चेंडू पुढे चालू राहतो. बॅटरने बॅट फिरवली नाही तर त्याच्या खात्यात एक बॉल जमा होतो, मग चेंडू झोनच्या मधोमध गेलेला का असेना. त्याने बॅट फिरवली तर 'इल्लीगल' रद्द, आणि जे होईल ते होईल. रनर यामुळे पुढे सरकत नाहीत. चौथा बॉल होऊन बॅटर पहिल्या बेसवर चालला आणि त्याच्या रेट्याने पुढच्या रनरला जागा सोडावी लागली, एवढ्यापुरतेच ते हलतात.

एक स्थिती घेऊन पाहू. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, धावा बरोबरीत, यजमान संघ बॅटिंग करतो आहे. तिन्ही बेस भरलेले, दोन आऊट. बॅटरवर ३ बॉल, १ स्ट्राइक. फटका बसू नये म्हणून पिचर चेंडू नेहमीपेक्षा जरा वर उडवतो आणि तो १३ फुटांवर जातो. अंपायर: "इल्लीगल!" बॅटर शांत उभा राहिला तर हा चौथा बॉल. तो पहिल्या बेसवर चालत जातो, तिसऱ्यावरचा रनर घरी येतो, सामना संपला. चेंडू प्लेटच्या मागे पडला की झोनमधून गेला याने काही फरक पडत नाही.

तोच बॅटर मोहात पडून फटका मारतो, चेंडू शॉर्टस्टॉपच्या डोक्यावर उंच उडतो आणि झेलला जातो. तिसरा आऊट, इनिंग संपली. "पण तो इल्लीगल होता ना" हे आता ऐकून घेतले जात नाही, कारण बॅट फिरवली त्याच क्षणी त्याने चेंडू स्वीकारला. बॅट फिरवली आणि चुकली तर दुसरी स्ट्राइक, ३-२, आणि पुढच्या चेंडूवर फाऊल गेला तरी आऊट, कारण स्लोपिचमध्ये दोन स्ट्राइकनंतरचा फाऊल बाद धरला जातो. हाक ऐकल्यावर बॅट खांद्यावरच ठेवणे हा बॅटरचा सरळ फायदा आहे. अपवाद एकच: चेंडू इतका मनासारखा आला की बेस हिट जवळजवळ हातात आहे. ३ बॉल झालेले असताना तसा अपवादही करू नये.

कमान किती झाली हा अंपायरच्या नजरेचा निर्णय आहे, त्यावर अधिकृत हरकत नोंदवता येत नाही. इल्लीगलवर रनरना एकेक बेस पुढे पाठवले किंवा फटका बसल्यावरही बॉल दिला, तर तो नियम चुकीचा लावल्याचा प्रकार होतो आणि त्यावर हरकत घेता येते. कर्णधाराला हा फरक माहीत असला की त्याचे निम्मे भांडण वाचते.

पिचरने कमान कशी बसवायची

सर्वात मोठी चूक म्हणजे उंच जावा म्हणून जोर लावणे. हिशेब उलटा आहे. ६ फुटांच्या सपाट चेंडूला हातातून सुटताना ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास वेग लागतो, १२ फुटांच्या चेंडूला साधारण ४२. उंच चेंडूला कमी जोर आणि जास्त कोन लागतो. सपाट पडणाऱ्या चेंडूला नुसता जोर वाढवला की तो थोडा वर जातो खरा, पण कॅचरच्याही मागे जाऊन पडतो. मग पिचर जोर कमी करतो, चेंडू प्लेटच्या अलीकडे टप्पा खातो, आणि हे चक्र तासभर चालते.

बदलायचे असते ते सोडण्याचे ठिकाण. खालून झुलत येणारा हात घड्याळाच्या लंबकासारखा वर चढत असतो. मांडीपाशी सोडला तर चेंडू सपाट निघतो, हात कमरेकडे चढल्यावर सोडला तर वर निघतो. ९ फुटांच्या कमानीसाठी चेंडू सुटताना जमिनीशी साधारण २८ अंशांचा कोन हवा. कोन कोणी मोजत बसत नाही, म्हणून खूण अशी धरावी: चेंडू सुटल्यावर हात तसाच पुढे जाऊ द्यावा आणि तो थांबतो तिथे पाहावे. तळवा छातीसमोर थांबत असेल तर चेंडू बहुधा सपाट गेलेला असतो. डोळ्यांच्या उंचीपर्यंत गेला तर ठीक. डोक्यावरून मागे जात असेल तर उशिरा सुटला, उंच गेला.

नेम कुठे धरावा? ६ ते १२ असेल तर ९ फूट, म्हणजे गोलपोस्टच्या दांड्याच्या एक फूट वर. ६ ते १० असेल तर ८ फूट, म्हणजे नेमका दांडाच. साडेअकरा फुटांवर नेम धरून अंपायरच्या नजरेशी खेळण्यात अनुभवी पिचरना मजा येते, पण नवख्याचा चेंडू एका फुटाने वरखाली होणारच, आणि तो फूट मधल्या जागेत झाला तर काही बिघडत नाही.

सराव असा करावा. फुटबॉल मैदानावर जाळी नसलेला गोल निवडावा. गोलरेषेपासून साडेसात मीटर पुढे, म्हणजे गोल एरियाच्या रेषेपासून आणखी दोन मीटर बाहेर, पिचिंग प्लेटच्या जागी रेघ मारावी. गोलच्या मागे ७.७ मीटरवर होम प्लेट ठेवावी. आता गोल बरोबर मध्ये आला, आणि कमानीचा सर्वोच्च बिंदूही जवळपास तिथेच असतो. दांड्याच्या थोडा वरून चेंडू काढून पलीकडच्या प्लेटवर उतरवायचा. १० फुटांच्या मर्यादेचा सराव असेल तर दांड्याला चाटून जाणारा चेंडूही चांगलाच समजावा. चेंडू गोल ओलांडतानाही वर चढत असेल तर तो प्लेटच्या बराच मागे पडेल. गोलच्या अलीकडेच उतरू लागला असेल तर प्लेटपर्यंत पोचणारच नाही. दहा-दहा चेंडूंचे चार फेरे पुरेत, त्यानंतर खांदा थकून सोडण्याची जागा घसरते.

खात्री करायची असेल तर मोबाईल पुरतो. कॅचरला बाजूला उभा करावा, चेंडू जमिनीवर पडू द्यावा आणि बाजूने व्हिडिओ काढावा. चेंडू सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंतचा वेळ फक्त उंचीवर ठरतो, अंतर कितीही असले तरी. ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत ६ फुटांच्या कमानीला साधारण ३१ फ्रेम लागतात, ९ फुटांना ४१, १० फुटांना ४३ आणि १२ फुटांना ४८. चेंडू हातातून सुटलेली फ्रेम आणि धूळ उडालेली फ्रेम, मधल्या मोजायच्या. चेंडू ३ फुटांऐवजी २ फुटांवरून सुटला तरी एक-दोन फ्रेमचाच फरक पडतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीवर टप्प्याची धूळ स्वच्छ दिसते, हिरवळीवर मात्र शेवटची फ्रेम शोधावी लागते.

वाऱ्याचा हिशेब वेगळा ठेवावा. दुपारनंतर समुद्रावरून वारा आत येऊ लागतो, आणि किनाऱ्याजवळच्या मैदानावर तो चारच्या सामन्यात चांगलाच जाणवतो. पिचर वाऱ्याकडे तोंड करून फेकत असेल तर चेंडू अलीकडे पडतो. तो पुढे न्यायला पिचर जोर वाढवतो, आणि त्याच कोनात जोर वाढला की कमानही वाढते. सकाळच्या सरावात ११ फुटांवर जाणारा चेंडू संध्याकाळी असाच १२ ओलांडतो आणि पिचरला कारण कळत नाही. समोरून वारा असेल तर नेम फूटभर खाली आणावा. वारा मागून असेल तर चेंडू लांबतो, तिथे जोर कमी करावा, कोन तसाच ठेवावा.

अंपायरसाठी

प्लेटमागे उभ्या अंपायरपासून कमानीचा सर्वोच्च बिंदू नऊएक मीटरवर असतो. पिचर उंच असेल तर चेंडू कमी चढल्यासारखा भासतो, बुटका असेल तर जास्त, कारण नजर नकळत पिचरच्या डोक्याशी तुलना करते. म्हणून सामन्याआधी एका खेळाडूला मध्यावर उभे करून ६ आणि १२ फुटांवर खूण केलेला बांबू धरायला लावावा आणि त्या दोन उंचींना मागचे काय दिसते ते टिपून ठेवावे: कुंपणाची वरची कड, माडाचा झाप, पलीकडच्या घराचे कौल. एकाच जागी, एकाच उंचीवर वाकून उभे राहिले तर या खुणा सामनाभर चालतात. कॅचर आडवा आला म्हणून पाऊलभर बाजूला सरकले किंवा जास्त वाकले की खुणा बदलतात आणि तिसऱ्या इनिंगला वैध असलेली कमान पाचव्या इनिंगला इल्लीगल ठरू लागते. पिचर तक्रार करू लागला तर आधी आपले पाय कुठे आहेत ते पाहावे.